'तसेच'ची रांग आणि 'शिवाय'चं वजन

प्रश्न: मी एका संस्थेत अहवाल आणि निवेदनं लिहिते. बराच मजकूर आधी इंग्रजीत असतो. त्यातल्या मोअरओव्हर, बिसाइड्स, इन ॲडिशन या तिन्हींना मी मराठीत 'तसेच' नाहीतर 'शिवाय' लिहून मोकळी होते. परवा साहेब म्हणाले, "मुद्दे चांगले आहेत, पण वाचताना किराण्याची यादी वाटते, पटत काहीच नाही." नुसत्या एका शब्दाने असं होतं का? म्हणणं पटवून द्यायचं असेल तर नेमका कुठला शब्द वापरावा?

उत्तर:

तुमच्या साहेबांचा कान चांगला आहे. एका शब्दाने असं होतं, आणि बहुतेक वेळा तो शब्द 'तसेच' असतो. पण 'तसेच' खोडून तिथे 'शिवाय' लिहिलं की काम झालं, असं मात्र नाही. मी पंचवीस वर्षं अनुवाद आणि संपादन करतोय. त्यातला बराच काळ मीही अशीच अदलाबदल करून समाधान मानत होतो.

'तसेच' म्हणजे 'तसे' आणि 'च', म्हणजे त्याच प्रकारे. मागचं जसं, तसंच पुढचं. दोन्ही एका पातळीवर, एकाच रांगेत. म्हणून तो सूचनेत शोभतो: 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, तसेच शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येईल.' इथे वाचणाऱ्याला दोन गोष्टी नुसत्या लक्षात ठेवायच्या आहेत. कुठली जड, कुठली हलकी याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पण तुम्ही जेव्हा काही पटवून देत असता, तेव्हा वाचणारा गोष्टी गोळा करत नसतो, तो तोलत असतो. प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या मनात 'बरं, मग?' असं येतं. 'तसेच' त्या 'मग?'ला उत्तर देत नाही, तो फक्त 'आणखी एक घ्या' म्हणतो. असे चार 'तसेच' झाले की वाचणाराही 'मग?' विचारायचं सोडून देतो आणि यादी वाचल्यासारखं वाचू लागतो.

हा घोळ आपल्याला शाळेतच शिकवलेला असतो. उभयान्वयी अव्ययांच्या धड्यात समुच्चयबोधक म्हणून 'आणि, व, अन्, आणखी, शिवाय' अशी एक ओळ असते आणि आपण ती पाठ करतो. व्याकरणाच्या दृष्टीने ती बरोबर आहे, हे सगळे शब्द जोडतातच. पण काय जोडतात, कशासाठी जोडतात, हे ती ओळ सांगत नाही. त्यामुळे ते सगळे एकमेकांच्या जागी चालतात असा समज डोक्यात बसतो.

यादीत नुसता 'आणखी एक' पुरतो. युक्तिवादात 'त्याच निष्कर्षाकडे नेणारं आणखी एक' लागतं. म्हणून जोडशब्द निवडायच्या आधी मी एक साधी तपासणी करतो. परिच्छेदाचा निष्कर्ष एका वाक्यात वर लिहायचा आणि खालच्या प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणून' लावून तो निष्कर्ष म्हणून बघायचा. जिथे 'म्हणून' अडखळतो, तिथे शब्द बदलून काही होत नाही, वाक्याचीच जागा चुकलेली असते.

एक खरं उदाहरण दाखवतो. ओळखीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत पाठवायचं टिपण माझ्याकडे नजरेखालून घालायला दिलं होतं. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचा ठराव होता, आणि आधीच्या सभेत तो पडला होता. टिपण असं होतं:

'आपल्या इमारतीची लिफ्ट २४ वर्षे जुनी असून तिचे सुटे भाग आता कंपनीकडून मिळत नाहीत. तसेच मागील वर्षभरात दुरुस्तीवर १ लाख ८० हजार रुपये खर्च झाला आहे. तसेच इमारतीत चौथ्या मजल्याच्या वर ११ ज्येष्ठ नागरिक राहतात. तसेच सिंकिंग फंडात पुरेशी रक्कम शिल्लक आहे. तसेच नवीन लिफ्टमुळे इमारतीची शोभा वाढेल. तरी सभासदांनी ठरावास मंजुरी द्यावी.'

वाचताना काही खटकत नाही. आता वर निष्कर्ष लिहा: 'पुन्हा दुरुस्ती नको, नवी लिफ्ट घ्या.' निष्कर्ष नुसता 'लिफ्ट हवी' असा नाही, हे लक्षात ठेवा, कारण सभेत भांडण त्याच्यावर नव्हतंच. लिफ्ट सगळ्यांनाच हवी होती, काही जणांना ती दुरुस्त करून चालवायची होती.

सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून नवी घ्या. बसलं. दुरुस्तीवर एवढे पैसे गेले, म्हणून नवी घ्या. हेही बसलं. पण ही दोन वेगळी कारणं आहेत का? सचिवांना विचारलं तेव्हा कळलं की मूळ भाग मिळत नाहीत, बाहेरून मिळेल तो भाग बसवतात, तो दोन महिन्यांत जातो आणि पुन्हा खर्च येतो. म्हणजे दुसरं वाक्य पहिल्याचा परिणाम आहे. तिथे 'तसेच' काय, 'शिवाय'सुद्धा चुकीचा. तिथे 'त्यामुळे' हवा. बेरजेच्या शब्दाने कार्यकारण झाकलं गेलं होतं आणि एक मजबूत कारण फुटून दोन लेचीपेची कारणं झाली होती. हा प्रकार मला इतक्या वेळा सापडतो की 'तसेच' दिसला की माझी पहिली शंका 'इथे खरं तर त्यामुळे होतं का?' हीच असते.

आता तिसरं. वर ११ ज्येष्ठ नागरिक राहतात, म्हणून नवी लिफ्ट घ्या? अडखळलं ना? ज्येष्ठ राहतात म्हणून लिफ्ट हवी, इतकंच त्यातून निघतं. उलट विरोधकांनी आधीच्या सभेत हेच वाक्य उचलून सांगितलं होतं: 'एवढे म्हातारे लोक आहेत, नव्या लिफ्टसाठी दीड महिना लिफ्ट बंद ठेवता? त्यापेक्षा दोन दिवसांत दुरुस्त करा.' कारण खरं होतं, पण ते दुसऱ्याच निष्कर्षाच्या बाजूने उभं होतं, आणि 'तसेच'मुळे ते सचिवांच्या लक्षातच आलं नव्हतं. यादीत ते खपून गेलं.

चौथं वाक्य सिंकिंग फंडाचं. फंडात पैसे आहेत म्हणून कोणी लिफ्ट बदलत नाही. ते कारण नाहीच, 'पैसे कुठून आणणार?' या शंकेचं उत्तर आहे. शंकेच्या उत्तराला मराठीत स्वतःची छान जोडणी आहे: 'राहिला प्रश्न पैशाचा.' ती वापरली की वाचणाऱ्याला कळतं की कारणं संपली, आता अडचणींकडे वळलो. आणि शोभेचं वाक्य सरळ काढून टाकलं. त्याचं वजन नव्हतंच, वर सभेत नेमका त्याच्यावरच टोमणा बसला असता: 'शोभेसाठी वर्गणी काढायची का?'

हे सगळं फोनवर चाललेलं असताना सचिव सहज म्हणाले, "आणि हो, असे बाहेरचे भाग लावलेल्या लिफ्टची जबाबदारी घ्यायला देखभालीचा ठेकेदार तयार नाही." मी म्हटलं, अहो, हे तर सगळ्यात मोठं कारण, हे टिपणात का नाही? ते म्हणाले, "पाच मुद्दे झाले होते." हा यादीचाच प्रताप. मुद्दे मोजले की भरले असं वाटतं, तोलले की काय उरलंय ते दिसतं.

शेवटी टिपण असं गेलं:

'आपल्या लिफ्टचे मूळ सुटे भाग आता मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी बाहेरून मिळेल तो भाग बसवून काम भागवावे लागते. अशा दुरुस्त्यांवर गेल्या वर्षभरात १ लाख ८० हजार रुपये गेले आणि तरीही लिफ्ट १९ दिवस बंद राहिली. चौथ्या मजल्याच्या वर राहणारे ११ ज्येष्ठ सभासद ते १९ दिवस घरातच अडकून होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, असे भाग बसवलेल्या लिफ्टची जबाबदारी घेण्यास देखभालीच्या ठेकेदाराने नकार दिला आहे. राहिला प्रश्न पैशाचा. सिंकिंग फंडात त्यासाठी पुरेशी रक्कम शिल्लक आहे.'

ज्येष्ठ नागरिक गेले नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली. आता ते बंद पडलेल्या दिवसांना लागून आले, म्हणून योग्य बाजूने बोलू लागले. आणि चार 'तसेच' होते तिथे खरी बेरीज एकच निघाली, 'त्याहून गंभीर बाब म्हणजे'. एका परिच्छेदात खरी बेरीज एक, फार तर दोन असतात, हा माझा अनुभव आहे. बाकी जागी 'त्यामुळे', 'तरीही', 'कारण' किंवा काहीच नको असतं.

इंग्रजीतही हेच दुखणं आहे. बेल्जियममधल्या फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध सिल्व्हियान ग्रँजे आणि स्टेफनी टायसन यांनी १९९६ मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या निबंधांशी ताडून पाहिले. त्यात हे विद्यार्थी मोअरओव्हरसारखे भर घालणारे शब्द गरजेपेक्षा जास्त आणि हाउएव्हर, देअरफोर यांसारखे वळण देणारे किंवा निष्कर्षाकडे नेणारे शब्द कमी वापरत असल्याचं दिसलं. मला त्यात आपली सरकारी मराठी स्पष्ट दिसते.

आता तुमचे तीन शब्द. तिघांचं काम वेगळं आहे, म्हणून मराठीत तिघांना एकच शब्द देता येत नाही.

इन ॲडिशन हा सगळ्यात निरुपद्रवी. तो फक्त भर घालतो, वजनाबद्दल काही बोलत नाही. अहवालात 'संस्थेने तीन शिबिरे घेतली, इन ॲडिशन दोन कार्यशाळा घेतल्या' असं असेल तर 'याखेरीज', 'याशिवाय', 'त्याचबरोबर' यांतला कुठलाही चालेल, आणि 'तसेच'ही चालेल. ही यादी आहे आणि यादीच राहू द्यावी.

मोअरओव्हर चढण आहे. मागचं कारण तर आहेच, पण हे घ्या, हे आणखी जड आहे, असा त्याचा रोख असतो. म्हणून तो शेवटच्या किंवा सगळ्यात भारी कारणाआधी शोभतो. मराठीत त्याला बोलताना आपण सहज 'आणि मुख्य म्हणजे' म्हणतो, लिहिताना 'त्याहून महत्त्वाचे म्हणजे', 'इतकेच नव्हे तर' किंवा नुसता 'शिवाय'. यात एक पथ्य आहे. 'मुख्य म्हणजे' लिहिल्यावर पुढचं कारण खरोखर मुख्य असावं लागतं. 'मुख्य म्हणजे' म्हणून फुसकं कारण पुढे केलं, तर आधीची चांगली कारणंही त्याच्याबरोबर पडतात. 'इतकेच नव्हे तर'चंही तसंच. त्याच्यानंतर मागच्यापेक्षा एक पायरी वरचं काही तरी यावं लागतं. 'रस्ता खराब आहे, इतकेच नव्हे तर दिवेही नाहीत' हे कानाला लंगडं लागतं, कारण दिवे नसणं ही खराब रस्त्याच्या वरची पायरी नाही, शेजारची आहे. 'रस्ता खराब आहे, इतकेच नव्हे तर गेल्या पावसाळ्यापासून रुग्णवाहिका गावात येऊ शकलेली नाही' हे चढलं.

मराठीत आणखी एक चढण आहे, ती 'एक तर... त्यातून...' अशी. 'एक तर उशीर झालेला, त्यातून रिक्षा मिळेना, वर पाऊस.' फार जिवंत रचना आहे, पण ती दैन्य सांगते. संकटावर संकट रचत नेते आणि ऐकणाऱ्याकडून 'अरेरे' मिळवते. तक्रारीच्या पत्रात चालेल. प्रकल्प प्रस्तावात 'त्यातून निधीही उशिरा आला' लिहिलं तर तुम्ही कारण देत नसून रडगाणं गाताय असं वाटेल.

बिसाइड्स हा खरा अवघड. इंग्रजी शब्दकोशात त्याच्यापुढे इन ॲडिशन लिहिलेलं असतं आणि आपण फसतो. कारण देताना वाक्याच्या सुरुवातीला आलेला बिसाइड्स म्हणजे 'आणि तसंही', 'आणि नाहीतरी'. समजा कोणी विचारलं, 'लग्नाला येणार का?' उत्तर: 'नाही हो, रजा नाही. आणि नाहीतरी मला तिथे ओळखतं कोण?' हे दुसरं वाक्य पहिल्याच्या शेजारी गुपचूप बसत नाही. ते म्हणतं की रजेचा प्रश्न सुटला असता तरी मी आलो नसतो. ते पहिल्या कारणाला पुरवणी म्हणून येतं आणि येता येता त्यालाच बाजूला सारतं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ओस्वाल द्युक्रो यांनी फ्रेंचमधल्या अशाच एका शब्दाची चिकित्सा १९८० मध्ये केली होती. त्यांचं निरीक्षण असं की बोलणारा हे दुसरं कारण 'खरं तर याची गरज नव्हती' अशा थाटात मांडतो, युक्तिवाद पहिल्यानेच पुरा झाला असं दाखवतो. आपल्या 'नाहीतरी'ला ते चपखल बसतं.

या शब्दाचा फायदा आणि तोटा दोन्ही इथेच आहेत. गप्पांत, अग्रलेखात, भाषणात तो जबरदस्त काम करतो, समोरच्याला बोलायला जागा ठेवत नाही. अर्जात आणि अहवालात तो अंगाशी येतो. 'यंदा प्रशिक्षण घेता आले नाही, कारण निधी उशिरा आला. तसेही गावात प्रतिसाद कमी होता.' हे वाचून अधिकारी काय म्हणेल? 'मग निधी वेळेवर देऊन तरी काय उपयोग होता?' तुम्ही स्वतःच स्वतःचं पहिलं कारण बाद केलंत. तेव्हा इंग्रजी मसुद्यात बिसाइड्स दिसला की आधी ठरवा, लेखकाला खरंच 'नाहीतरी' म्हणायचंय का. म्हणायचं असेल तर ते अहवालात ठेवावं का, हा प्रश्न त्यालाच विचारा. आणि त्याने नुसतीच भर घातली असेल तर 'शिवाय' लिहा.

आता 'शिवाय'. आपल्याकडे हा फारसीतून आलेला, मूळ अरबी, आणि मूळ अर्थ 'वगळून, सोडून'. तो अर्थ अजून पुरता जिवंत आहे: 'तुझ्याशिवाय करमत नाही', 'पैशांशिवाय काम होत नाही'. याच 'सोडून'मधून 'ते सोडून आणखी' असा बेरजेचा अर्थ आला. गंमत म्हणजे इंग्रजी बिसाइड्सलाही वगळण्याचा आणि भर घालण्याचा असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे अनुवादात ही जोडी दुप्पट घात करते.

माझ्यावर एकदा हे शेकलंय. एका ट्रस्टच्या सभेचं इतिवृत्त मी इंग्रजीवरून मराठीत आणलं आणि लिहिलं, 'अध्यक्षांशिवाय सात सदस्य उपस्थित होते.' माझ्या मनात अध्यक्ष अधिक सात, एकूण आठ. सहा महिन्यांनी त्या सभेतल्या एका निर्णयावर वाद झाला आणि एका सदस्याने तेच वाक्य पुढे करून म्हटलं, सभा अध्यक्षांशिवाय झाली, हजर फक्त सात होते, गणपूर्ती आठची आहे, निर्णय रद्द. भाषेच्या दृष्टीने त्याचं वाचन माझ्याइतकंच बरोबर होतं. हजेरीपुस्तकात अध्यक्षांची सही होती म्हणून सुटलो. तेव्हापासून माणसं किंवा रक्कम मोजायची असेल तिथे मी 'शिवाय' लिहीत नाही. 'अध्यक्ष व इतर सात सदस्य' किंवा 'अध्यक्ष धरून आठ' असं सरळ लिहितो.

वाक्याच्या सुरुवातीचा सुटा 'शिवाय' मात्र असा घात करत नाही, आणि युक्तिवादासाठी मराठीत तोच सगळ्यात भरवशाचा शब्द आहे. फक्त 'शिवाय' आणि 'याशिवाय' यांत मी फरक करतो. 'याशिवाय'मधला 'या' मागच्या सगळ्याकडे बोट दाखवून ते बाजूला ठेवतो आणि पुढे जातो: 'याशिवाय बैठकीत पाणीपट्टीवर चर्चा झाली.' विषय बदलला तरी चालतं. बातम्यांत आणि इतिवृत्तांत तो म्हणूनच सारखा दिसतो. सुटा 'शिवाय' मागचं बाजूला ठेवत नाही, त्याच्यावरच चढतो. 'ही जागा शाळेपासून लांब आहे. शिवाय रस्ता ओलांडावा लागतो.' ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही की दोन्ही वाक्यं 'ही जागा नको' याच दिशेने जाताहेत. इथे 'याशिवाय' लिहून बघा, वाक्य लगेच पाहणी अहवालासारखं होतं. हा नियम कुठल्या व्याकरणातला नाही, माझ्या कानाचा आहे. पण तुम्हीही चार वाक्यं मोठ्याने वाचून पाहा. जाता जाता, सुट्या 'शिवाय'नंतर स्वल्पविरामाची गरज नसते, ती सवय इंग्रजीची आहे.

'शिवाय' दिसला की वाचणारा दिशा तीच धरतो, म्हणून तो दिशा बदलताना वापरला की वाचणारा अडखळतो. 'ही योजना महिलांसाठी उपयुक्त आहे. शिवाय काही गावांत कर्मचारी नाहीत.' असं वाक्य अहवालांत सर्रास सापडतं. लिहिणाऱ्याला 'मात्र' म्हणायचं असतं, पण आपल्याच योजनेबद्दल 'मात्र' लिहायला हात धजत नाही, म्हणून उणीव बेरजेत घुसवलेली असते.

बरेचदा शब्दाची गरजच नसते, कारण मराठीत बेरजेचं निम्मं काम एक 'ही' करतो, आणि इंग्रजीच्या शब्दांपेक्षा नेमकं करतो. तो ज्याला चिकटतो तेच नवं असतं. 'ठेकेदारानेही कचरा उचलला नाही' म्हणजे आधी दुसऱ्या कोणी तरी उचलला नव्हता, आता हाही. 'ठेकेदाराने कचराही उचलला नाही' म्हणजे बाकीची कामं राहिलीच, कचराही राहिला. 'ठेकेदाराने कचरा उचललाही नाही' म्हणजे तो नुसता बघून गेला असावा. एका अक्षराची जागा बदलली की आरोप बदलतो. तक्रारीत तो भलत्या शब्दाला चिकटला तर उत्तर देणारा नेमकं तेवढंच नाकारतो. 'कचरा तर रोज उचलला जातो' म्हणून तुमच्या बाकीच्या तक्रारीही बासनात. आणि 'ही' असताना वर 'शिवाय', त्याच्या जोडीला 'त्याचबरोबर' अशी तिहेरी बेरीज करू नये. 'शिवाय त्याचबरोबर निधीही उशिरा आला' यातले पहिले दोन शब्द काढले तरी वाक्याचं काही बिघडत नाही, उलट ते सरळ होतं: 'निधीही उशिरा आला.'

'किंबहुना'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो हल्ली 'शिवाय'ची भारदस्त आवृत्ती म्हणून वापरतात, म्हणून दोन शब्द. तो बेरजेचा नाही. संस्कृत 'किं बहुना' म्हणजे 'जास्त काय सांगावं'. पसायदानातला 'किंबहुना सर्वसुखी' त्याच अर्थाचा: एकेक मागणं मागून झालं, आता सगळं एकात. आजच्या मराठीत तो आधीचं विधान सुधारून अधिक नेमकं करतो: 'हा खर्च टाळता आला असता, किंबहुना टाळायलाच हवा होता.' विधान एकच आहे, ते दुसऱ्यांदा जास्त जोरात म्हटलंय. 'तीन शिबिरे घेतली, किंबहुना दोन कार्यशाळा घेतल्या' याचा सरळ अर्थ असा होतो की शिबिरं झालीच नाहीत, झाल्या त्या कार्यशाळा.

तुमच्या पुढच्या निवेदनासाठी इतकंच करा. मजकूर पुरा झाला की त्यात 'तसेच' शोधा आणि प्रत्येकाजवळ थांबा. दोन्हीकडची वाक्यं अदलाबदल करून वाचा. अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर ती यादी आहे, आणि तिथे 'तसेच' राहू द्या. संस्थेचे उपक्रम, हजर पाहुणे, जोडलेली कागदपत्रं, इथे त्याच्याइतका योग्य शब्द नाही. अदलाबदल केल्यावर वाक्य उलटं वाटलं तर त्यांच्यामध्ये क्रम आहे, म्हणजे परिणाम किंवा चढण आहे. आधी 'त्यामुळे' लावून पाहा. बसला नाही तर 'शिवाय'. आणि त्या वाक्यापुढे 'म्हणून'ही बसेना, तर शब्द शोधत बसू नका, ते वाक्य उचलून जिथे त्याचा निष्कर्ष आहे त्या परिच्छेदात ठेवा. तुमच्या साहेबांना जे 'चांगले मुद्दे' दिसले, त्यांतले दोन-तीन असेच भलत्या परिच्छेदात बसलेले निघतील, असा माझा अंदाज आहे.